ऑपरेटर आहे, सेटर नाही

दिवाळी सरते, सोयाबीन विकून होतं, तुरीला अजून अवकाश असतो. त्या मधल्या दिवसांत माझ्या फोनवर मेडशीहून निरोप येऊ लागतात. "काका नमस्कार. कुठी जॉब असला त सांगजा. काहीबी चालते." एवढंच. कधी त्याखाली बायोडाट्याचा फोटो, चादरीवर कागद ठेवून काढलेला, कडेला बोटाची सावली पडलेला. कधी नुसतेच जोडलेले हात. लिहिणारा आत्याचा नातू असतो, शाळेतल्या मित्राचा पुतण्या असतो, कधी असा कुणी, ज्याचं नाव वाचून आधी त्याच्या आजोबांचा चेहरा आठवतो आणि मग मधली पिढी जोडत जोडत त्याच्यापर्यंत यावं लागतं.

हे निरोप मी पुसत नाही. ग्रुपवर काही टाकणं वेगळं आणि एका माणसाला एकट्याला लिहिणं वेगळं. ग्रुपवर कुणी उत्तर दिलं नाही तरी कुणाचं काही जात नाही. एकट्याला लिहिलं की त्या निळ्या खुणा दिसतात, त्यानं वाचलं हे कळतं आणि मग वाट पाहणं सुरू होतं. आमच्याकडे याला शब्द टाकणं म्हणतात. टाकलेला शब्द खाली पडू नये म्हणून माणसं टाकायलाच घाबरतात. वडील मुलाला महिनाभर सांगत राहतात, "पुण्याच्या काकाले एकडाव लिहून तं पाह्य." मुलगा लिहितो, खोडतो, शेवटी चार शब्द पाठवतो. त्या चार शब्दांत "काहीबी चालते" हे असतंच.

ही आमची रीत आहे. पाहुणा म्हणून गेलं आणि काय घेणार असं विचारलं, तर काहीही चालेल म्हणायचं. अमुकच द्या म्हणणारा हावरा ठरतो. मागणाऱ्यानं निवड करू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. म्हणून ज्या पोरानं दोन वर्षं टर्नरचा ट्रेड केला, वर्षभर वाळूजला अॅप्रेंटिसशिप केली, तोही लिहिताना ते सगळं गिळून टाकतो. त्याला वाटतं, जितकं कमी मागावं तितकं देणाऱ्याला सोपं जाईल.

इकडे माझ्या बाजूला नेमकं उलटं घडतं. मी भोसरी-चाकणच्या पट्ट्यात सुट्या भागांच्या तपासणीचं काम करतो. माझ्या हातात नोकरी नाही. माझ्याजवळ आहेत त्या ओळखी: एखादा लाइन सुपरवायझर, एखादा ठेकेदाराचा माणूस, आमच्याकडे माल देणारी लहान वर्कशॉपं. यांच्याशी बोलायला मिळतो तो चहाच्या टपरीवरचा अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात मी म्हणालो, "गावाकडचा पोरगा आहे, चांगला आहे, काहीही करील," तर समोरचा म्हणतो, "पाहू." त्याच्या मनात नकार नसतो. पण दुपारी त्याच्या शॉपवर टर्निंगचा माणूस कमी पडतो, तेव्हा त्याला माझा पोरगा आठवत नाही, कारण त्याच्या डोक्यात त्या पोराला कुठलं मशीनच जोडलेलं नसतं.

मेडशी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अकोल्याहून वाशिमला निघालं की पातूर लागतं, पुढे घाट, घाट ओलांडला की मेडशी. तालुका मालेगाव. राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी झाला तेव्हा कामाचे टप्पेही आमच्या गावाच्या नावानं पडले: अकोला ते मेडशी, मेडशी ते वाशिम. रस्ता रुंद झाला आणि गाव सोडणं अर्ध्या तासानं सोपं झालं. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आमच्या वेळी सेवायोजन कार्यालयाचं कार्ड काढायलाही अकोल्याला जावं लागे. ते कार्ड घरात देवाच्या फोटोमागे असायचं आणि मुदत संपायच्या आत नूतनीकरण करून आणायचं असायचं. त्या कार्डावर शिक्षण होतं, जात होती, नोंदणी क्रमांक होता. हात काय करू शकतात याला त्यावर जागा फार थोडी होती. कॉल आला तर आला. आता कार्ड गेलं, ओळखीच्या माणसाचा नंबर आला, पण लिहिण्याची सवय त्या कार्डाचीच राहिली आहे: नाव, गाव, शिक्षण आणि पुढे प्रतीक्षा.

त्या टर्नर पोराचंच सांगतो. निरोप वाचून मी त्याला रात्री फोन केला. कुठल्या मशीनवर होतास, असं विचारलं, तर म्हणाला, "सीएनसीवर, काका." सीएनसी म्हणजे नुसतं गावाचं नाव सांगून घर विचारण्यासारखं आहे. टर्निंग की व्हीएमसी? टर्निंगमध्ये काम फिरतं आणि टूल सरकतं. व्हीएमसीत काम शिकंज्यात घट्ट असतं आणि टूल फिरतं. एकावरचा हात दुसऱ्यावर पहिल्या दिवशी चालत नाही. तो टर्निंगवर होता. कंट्रोल कुठला? फॅनुक. पार्ट कुठले? शाफ्ट आणि बुश. मग मी विचारलं, "सेटिंग करतोस का?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "करतो ना."

इथे सगळ्यांची गाडी घसरते. ऑपरेटर आणि सेटर यांत पगाराचं अंतर आहे, म्हणून "करतो ना" तोंडातून निघून जातं. म्हणून मी कामच वेगळं वेगळं करून विचारलं. इन्सर्ट झिजला हे तुला कशावरून कळतं? म्हणाला, फिनिश खराब होते, आवाज बदलतो, माप वर सरकायला लागतं. अगदी बरोबर, बाहेरचा व्यास कापताना टूल झिजलं की कमी कापतं आणि व्यास वाढत जातो. मग काय करतोस? ऑफसेट देतो. किती? माप जेवढं वाढलं तेवढं उणे. हेही बरोबर. नवा पार्ट लावायचा असेल, जॉज बदलायचे असतील, सगळी टूलं नव्यानं टच करून शून्य धरायचं असेल, तर? आता तो खरं बोलला: "ते सर करत होते. मी बाजूले उभा राहो." प्रोग्रॅम? वाचता येतो, थोडाफार बदलता येतो, नवा लिहिता येत नाही. मोजायला काय वापरायचास? व्हर्निअर, मायक्रोमीटर, आतल्या मापाला बोअर गेज. माप किती बारीक धरायचं होतं? तीस मायक्रॉनच्या आत. बोअर गेज आधी कशावर शून्य करायचास? रिंगवर. हे त्यानं न अडखळता सांगितलं, तेव्हा मला त्याच्याबद्दल खात्री वाटली. बोअर गेज हातात धरणारे पुष्कळ असतात. आधी मास्टर रिंगवर ते शून्य करायचं असतं हे ज्याच्या अंगवळणी पडलंय, त्यानं खरंच मोजलेलं असतं.

मग उरलेलं विचारलं. रात्रपाळी चालेल? चालेल. कुठे राहशील? चुलतभाऊ भोसरीत आहे, त्याच्या खोलीवर. म्हणजे रांजणगाव नको, रोजचं जाणं झेपणार नाही. कधी येशील? तूर निघाल्यावर म्हणत होता. शेवटी वडिलांशी बोलून येत्या सोमवारपासून ठरलं. ठेकेदारामार्फत चालेल का? इथे तो गप्प झाला. ठेकेदाराकडे सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात हे त्यानं वाळूजला पाहिलं होतं. चालेल, पण पीएफ कापणारा असावा. हे लिही, म्हणालो. लिहिलं तर राग येईल का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, ज्याला राग येईल त्याच्याकडे जायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून हा मजकूर आला, त्यानंच लिहिलेला, मी फक्त दोन वाक्यांची जागा बदलली:

"नमस्कार. मी आयटीआय टर्नर (दोन वर्षं), वाळूजला एक वर्ष अॅप्रेंटिस पूर्ण. सीएनसी टर्निंग, फॅनुक कंट्रोल, शाफ्ट व बुश. इन्सर्ट बदलणे, ऑफसेट देणे, मायक्रोमीटर व बोअर गेजने मोजणे येते. ऑपरेटर आहे, सेटर नाही. सेटिंग शिकायचे आहे. भोसरी, पिंपरी, चाकण चालेल. तिन्ही पाळ्या चालतील. पीएफ असलेले काम हवे, ठेकेदारामार्फतही चालेल. येत्या सोमवारपासून हजर होऊ शकतो. ट्रायल द्यायला तयार."

खाली नाव, नंबर, तारीख.

"ऑपरेटर आहे, सेटर नाही" हे वाक्य काढून टाकावं असं त्याच्या चुलतभावाचं म्हणणं होतं. कमीपणा कशाला सांगायचा? पण याच वाक्यामुळे वरची सगळी वाक्यं खरी वाटतात. आणि वर्कशॉपवाल्याचा विचार करा. सेटर म्हणून घेतला आणि पहिल्याच रात्री टूल चकवर आदळलं, तर मशीन बंद पडतं, पोरगा घरी जातो आणि त्याला ज्यानं पाठवलं त्याचा शब्द त्या दारातून कायमचा बाहेर पडतो. शब्द टाकताना माणूस मागणाऱ्याचं ओझं पाहतो. शब्द पुढे नेणाऱ्याच्या खांद्यावरही काही असतं. त्या एका वाक्यानं माझा खांदा हलका केला होता.

मी तो निरोप आमच्या जुन्या लाइन सुपरवायझरला पाठवला. त्याच्याकडे तेव्हा व्हीएमसीचीच माणसं हवी होती. पण निरोप वाचताक्षणी त्याला कळलं की हे त्याच्या कामाचं नाही, आणि कुणाच्या कामाचं आहे हेही कळलं. त्यानं तो मेहुण्याच्या मित्राला पाठवला. तो लहान वर्कशॉपांतून माल उचलायला फिरतो. त्यानं पुढे दिला. फोन आला तो अशा शॉपमधून, ज्याच्या मालकाला मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. ट्रायलला त्याच्यासमोर चालू कामातला बुश ठेवला आणि आतलं माप काढायला सांगितलं. पोरानं आधी रिंग मागितली. पुढचं सगळं त्यातच ठरलं. पगार त्याला हवा होता त्याहून जरा कमीच मिळाला, पण सहा महिन्यांत सेटरच्या हाताखाली लावू असं मालक म्हणाला. लावलं की नाही ते अजून कळायचं आहे.

माझा सख्खा, माझा जवळचा, असं पाहत गेलो असतो तर त्या शॉपपर्यंत मी पोचलोच नसतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली हीच गोष्ट मांडली. बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरातल्या नोकरदारांना त्यानं विचारलं होतं, की ज्याच्यामार्फत नोकरीची बातमी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. ज्यांना ओळखीतून काम मिळालं होतं त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्के लोकांनाच तो माणूस आठवड्यातून दोनदा वा अधिक भेटत होता. निम्म्याहून अधिक लोकांची त्याच्याशी भेट अधूनमधून होत असे आणि सुमारे २८ टक्के लोकांची तर वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. मेडशीत ज्या पाराजवळ आपण बसतो, तिथं बसणाऱ्या सगळ्यांना त्याच चार नोकऱ्या माहीत असतात.

पण दूरच्या माणसाला आपला स्वभाव ठाऊक नसतो. माझ्या आत्याला तिचा नातू गुणी आहे हे माहीत आहे, मला ऐकून माहीत आहे, सुपरवायझरला माझ्याकडून थोडंसं. त्याच्या मेहुण्याच्या मित्रापर्यंत पोचेतो त्या गुणीपणातलं काहीच उरत नाही. मात्र "फॅनुक, शाफ्ट, बोअर गेज" हे चौथ्या माणसाकडेही जसंच्या तसं पोचतं. जिव्हाळा पहिल्या हाताला लागतो, पुढच्या हातांना नेमकेपणा लागतो.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हे असं नव्हतं. तिथं जॉबर माणसं भरायचा, गावचा माणूस गावच्याला आत न्यायचा आणि नवा पोरगा नातेवाइकाच्या बाजूला उभा राहून साचा शिकायचा. काय येतं हे विचारायची गरज कमी होती. कुणाचा आहेस एवढं पुरायचं. त्याची किंमतही होती: जॉबरला दस्तुरी द्यावी लागे, आणि १९३१ च्या शाही श्रम आयोगानं भरतीचा अधिकार त्याच्या हातून काढून घ्यावा असं सुचवलं होतं. आज पाच मशीनच्या शॉपमध्ये कुणाच्या बाजूला उभं राहून शिकायला वेळ नाही. पहिल्या पाळीत नग निघाले पाहिजेत. म्हणून "कुणाचा" या प्रश्नाच्या आधी "काय येतं" हा प्रश्न येऊन बसला आहे आणि आमच्या गावाची लिहिण्याची रीत अजून जुन्याच प्रश्नाचं उत्तर देते आहे.

नेमकं लिहूनही बिघडतं ते कुठे, हेही पाहिलं आहे. निरोपावर तारीख नसेल तर तो वर्षभर फिरत राहतो. पोरगा कामाला लागून गेलेला असतो आणि तरी त्याला फोन येत राहतात. दोनदा फुकट फोन केलेला माणूस तिसऱ्यांदा आपल्या गावच्या पोराला फोन करत नाही. म्हणून काम लागलं की ज्यांना लिहिलं त्या सगळ्यांना "काम लागलं, थांबवा" एवढं कळवायला मी सांगतो. दुसरं, निरोपासोबत आधार कार्ड, पॅन, बँक पासबुक सगळं पाठवून देतात. पहिल्या निरोपाला त्यातलं काहीच लागत नाही. आणि निरोप चार हात पुढे गेला की कुणीतरी उलटा फोन करतो: जागा पक्की आहे, गेटपास आणि युनिफॉर्मचे अमुक रुपये या नंबरवर टाका. ओळखायची खूण सोपी आहे. तो कंपनीचा पत्ता आणि गेटवर कुणाला भेटायचं ते सांगत नाही, ट्रायल घेत नाही आणि मशीनबद्दल एकही प्रश्न विचारत नाही. खऱ्या माणसाचा पहिला प्रश्न मशीनबद्दलच असतो.

मेडशीतल्याच एका सुनेचा निरोप माझ्या बायकोला आला होता, तो मला फार आवडला. तिची डी. फार्म. झालेली, राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी असलेली. तिनं लिहिलं होतं: मालेगाव किंवा पातूर, दोन्ही बसच्या रस्त्यावर, सकाळी नऊ ते सहा, मूल लहान म्हणून रात्री नाही, आणि शेवटी, "प्रत्यक्ष दुकानात बसून काम करीन, नुसतं सर्टिफिकेट लावायला देणार नाही." हा धंदा ज्यांना माहीत आहे त्यांना या शेवटच्या वाक्याचं वजन कळेल. औषधाच्या दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, म्हणून काही ठिकाणी महिन्याला थोडे पैसे देऊन नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर टांगतात आणि औषधं देतो दुसराच कुणी. घरी बसून पैसे येतात म्हणून घरचेही हो म्हणतात. तिनं ते दार स्वतःच बंद करून टाकलं होतं. वीस ठिकाणांऐवजी तिच्यासाठी कदाचित तीनच उरली असतील, पण त्या तिघांपैकी जो फोन करील तो तिला बोलावण्यासाठीच करील. बायकोनं तो निरोप अकोल्यातल्या एका औषधविक्रीच्या प्रतिनिधीला पाठवला, कारण पातूरपासून मालेगावपर्यंतच्या दुकानांत तोच हिंडतो.

माझ्या मनाला लागून राहिलेला प्रश्न वेगळाच आहे. ज्याला मशीन नाही, नोंदणी नाही, त्यानं काय लिहावं? बी. ए. झालेला एक पोरगा सध्या रोज रात्री मला लिहितो आहे. "काका, माझ्याजवळ सांगाले काहीच नाही." गेले दोन हंगाम तो मालेगावात एका अडत्याकडे सोयाबीनच्या दिवसांत जातो. मी विचारलं, तिथं काय करतोस? "काही नाही, काट्यावर बसतो." काट्यावर बसून काय करतोस, हे मी विचारत गेलो. गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन लिहितो, वजा करतो, काटापट्टी फाडतो. पोत्यात बंबी घालून दाणे काढतो, मशीननं ओलावा पाहतो. बारा टक्क्यांच्या वर गेला की शेतकऱ्याशी बोलणंही त्यालाच करावं लागतं. काडीकचरा किती, डागी दाणा किती, हे तो मुठीत घेऊन सांगतो आणि मग चाळणीनं ताडून पाहतो. संध्याकाळी पोत्यांचा हिशेब त्याच्याच वहीत जुळतो.

हे सगळं त्यानं "काही नाही" या दोन शब्दांत घातलं होतं.

काल त्यानं पहिला मसुदा पाठवला. धान्याचं गोदाम किंवा डाळमिल, आवक आणि वजन लिहिण्याचं काम, ओलावा व प्रत तपासता येते, मोबाइलवर आणि थोडी संगणकावर नोंद करता येते, अकोला किंवा वाशिम. अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिल पुष्कळ आहेत. तिथं माझ्या वर्गातल्या एकाचा साडू हिशेब बघतो, लग्नात एकदा भेटलेला. त्याला पाठवायचं ठरलं आहे. अडलंय एका वाक्यापाशी. पोरानं लिहिलंय, "हमालीचं काम करणार नाही." वडील म्हणतात ते काढ, माज दिसतो. पोरगा म्हणतो, दोन हंगाम वही सांभाळली, पुन्हा पाठीवर पोतं घेतलं तर वही कुणी देणार नाही. मी दोन्हीकडचं ऐकलं. "वजन व नोंदीचंच काम हवं" असं लिहिलं तर तेच सांगून होईल का, की त्यानं लिहिलेलं तसंच राहू द्यावं, हे आज रात्री त्याचा फोन आला की बोलू.